बाटलीवरच्या तीन ओळी आणि मॅन्युअलचं एक पान: इंजिन ऑइल कसं जुळवायचं

भाचा जोतिबाहून परतला तो थेट माझ्या दुकानात आला. मागं मित्र बसलेला, दोघांच्या कपाळावर गुलाल, आणि तोंड मात्र उतरलेलं. "मामा, गाडी ओढंना झालीया. केर्लीवरनं वर चढताना इंजिन नुसतं ओरडतंय, गाडी काय पुढं सरकंना. क्लच टाईट करून घेतला, तरी तसंच."

मी गाडीला हात लावायच्या आधी विचारलं, "ऑइल कधी बदललंस?"

"गेल्या रविवारी. पप्पांच्या कारचं दीड लिटर उरलं होतं. चांगलं महागातलं आहे मामा, सिंथेटिक."

तिथंच उत्तर मिळालं. शिवाजी उद्यमनगरात माझं स्पेअर पार्ट्सचं काउंटर आहे आणि रोज दहा-बारा जण "भारीतलं ऑइल द्या" म्हणून येतात. भाच्यानं घातलेलं ऑइल खरंच भारीतलं होतं. पण ते त्याच्या गाडीचं नव्हतं, आणि हे बाटलीवरच लिहिलेलं होतं. ते कसं वाचायचं आणि मॅन्युअलशी कसं लावून बघायचं, ते या एका गाडीवरून सांगतो. गाडी १५० सीसीची, चार गिअरांच्या पुढची, क्लच असलेली साधी मोटारसायकल. आपल्याकडं घरटी एक असते तशीच.

आधी मॅन्युअल उघडा, बाटली नंतर

बाटली हातात घेऊन मॅन्युअल शोधायला गेलं की मन आधीच त्या बाटलीकडं झुकलेलं असतं. म्हणून उलटं करा. मॅन्युअलच्या शेवटच्या पानांवर गाडीच्या मापांचा तक्ता असतो. लांबी, रुंदी, टायरमधली हवा, बॅटरी या सगळ्यांच्या मध्ये कुठंतरी इंजिन ऑइलची ओळ सापडते. देखभालीच्या भागात ऑइलवर वेगळं अर्धं पान असतं, तेही वाचा, कारण "हे वापरू नका" ही सूचना बहुतेक वेळा तक्त्यात नसते, त्या अर्ध्या पानात असते.

पुस्तक हरवलं असेल तर बऱ्याच कंपन्यांच्या संकेतस्थळावर ते उतरवून घेता येतं. फक्त मॉडेलचं नाव सारखं दिसलं म्हणून कुठलंही घेऊ नका. १ एप्रिल २०२० पासून आपल्याकडं बीएस-६ लागू झालं, आणि त्याच नावाची बीएस-४ गाडी आणि बीएस-६ गाडी यांच्या इंजिनात फरक असू शकतो. आरसी बुकावर उत्पादनाचा महिना आणि वर्ष असतं, त्याप्रमाणं पुस्तक निवडा.

भाच्याच्या मॅन्युअलमध्ये होतं ते असं:

```
SAE 10W-30
API SL or higher
JASO MA
1.0 L (drain)   1.2 L (overhaul)
```

मी त्याला हे चिठ्ठीवर उतरवायला लावलं, अक्षर न् अक्षर, आडवी रेघसुद्धा. ही चिठ्ठी पाकिटात ठेवायची. दुकानात कोण काय म्हणतो त्यापेक्षा ही चिठ्ठी मोठी.

चार ओळींपैकी वरच्या तीन बाटलीवर शोधायच्या आहेत. तीन ओळी म्हणजे तीन वेगळे प्रश्न. ऑइल किती घट्ट आहे, हा पहिला. इंजिनाचं रक्षण किती करतं, हा दुसरा. क्लचला चालतं का, हा तिसरा. एका प्रश्नात जास्त मार्क मिळाले म्हणून दुसऱ्यातले भरून निघत नाहीत. हे एवढं डोक्यात बसलं की निम्मं काम झालं.

पहिली ओळ: `SAE 10W-30`

हा आकडा सगळ्यांत मोठ्या अक्षरात, बाटलीच्या तोंडावर असतो. लोक "थर्टीचं ऑइल", "फॉर्टीचं ऑइल" म्हणतात ते यातल्या शेवटच्या आकड्यावरून.

W म्हणजे विंटर, थंडी. W च्या आधीचा आकडा थंड इंजिनात ऑइल किती सहज हलतं ते सांगतो. आकडा लहान तेवढं थंडीत पातळ. १०W ची स्टार्टिंगची चाचणी उणे २५ अंशांवर होते, २०W ची उणे १५ वर. कोल्हापुरात तेवढी थंडी कधीच पडत नाही, तेव्हा दोन्ही ऑइलांवर गाडी सुरू होणारच. तरीही हा आकडा सोडून द्यायचा नसतो. पहाटे किक मारल्यावर ऑइल खालच्या भांड्यातून वर हेडपर्यंत चढायला थोडा वेळ जातो. तोवर वरचे भाग आदल्या दिवशीच्या ओलाव्यावर फिरत असतात. जे ऑइल थंडपणी पातळ ते लवकर पोचतं.

दुसरा आकडा इंजिन तापल्यावरचा. १०० अंश तापमानाला ऑइलचा घट्टपणा सेंटिस्टोक या एककात मोजतात आणि त्याचे पट्टे ठरलेले आहेत. ३० चा पट्टा ९.३ पासून १२.५ च्या आतपर्यंत, ४० चा १२.५ पासून १६.३ च्या आतपर्यंत. म्हणजे ३० हे नेमकं एक माप नाही, ती एक पट्टी आहे. आणि तापल्यावर ऑइल घट्ट होतं, असाही याचा अर्थ नाही. 10W-30 चं ऑइलसुद्धा तापलं की पातळच होतं. मात्र जेवढं पातळ झालं तरी चालेल तेवढंच होतं.

इथं आपल्याकडचा एक जुना सल्ला आडवा येतो. "आपल्याकडं ऊन लई, घाटात गाडी चालते, जरा घट्टच घाला." जुन्या इंजिनांच्या काळात त्यात तथ्य होतं. आजच्या इंजिनात बेअरिंगमधली फट, ऑइल पंप, ऑइल जायची बारीक भोकं हे सगळं एका ठरावीक घट्टपणाचं ऑइल धरून बनवलेलं असतं. तिथं फार घट्ट ऑइल घातलं तर इंजिन जाम होणार नाही, पण ते ढवळायला पेट्रोल जास्त लागतं, ऑइल वर पोचायला उशीर होतो आणि गाडी जड वाटते. घट्टपणा वाढवायची मुभा असेल तर ती मॅन्युअलमध्येच दिलेली असते. काही पुस्तकांत तापमानाच्या पट्ट्या काढलेल्या असतात. खाली अंश, वर 10W-30, 10W-40, 20W-50 अशा आडव्या पट्ट्या. आपल्या गावचं थंडीतलं आणि उन्हातलं तापमान ज्या पट्टीत पूर्ण बसतं, ती कुठलीही पट्टी चालते. पुस्तकात पट्ट्या नसतील, एकच ग्रेड दिली असेल, तर एकच ग्रेड.

दुसरी ओळ: `API SL or higher`

एपीआय ही अमेरिकेतली पेट्रोलियम संस्था. S ने सुरू होणारी अक्षरं पेट्रोल इंजिनासाठी, C ने सुरू होणारी डिझेलसाठी. S नंतरचं अक्षर जेवढं पुढचं तेवढी चाचणी नवी आणि कडक. मध्ये काही अक्षरं गाळलेली आहेत, त्यामुळं SJ नंतर थेट SL येतं. SL २००१ सालचं, मग SM, मग २०१० चं SN, मग २०२० चं SP. इंजिनात गाळ साचू नये, ऑइल उष्णतेनं जळून घट्ट होऊ नये, पार्ट झिजू नयेत, याच्या या परीक्षा.

मॅन्युअलमध्ये "ऑर हायर" लिहिलेलं असलं की SL, SM, SN, SP सगळी चालतात. SJ चालत नाही, कारण ते मागचं. गिऱ्हाईक कधीकधी उलटं विचारतं, "पुस्तकात SL आहे, तुम्ही SN देताय, बिघडणार नाही ना?" नाही बिघडत. या ओळीपुरतं पुढचं अक्षर मागच्याची जागा घेतं.

"या ओळीपुरतं" हे शब्द मी मुद्दाम लिहिले. भाचा चुकला तो नेमका इथं. कारच्या डब्यावर SP होतं, त्याच्या मॅन्युअलमध्ये SL. त्यानं हिशेब केला, SP वरचं, म्हणजे चांगलंच. पण एपीआयच्या S वर्गाच्या परीक्षा कारच्या पेट्रोल इंजिनांवर होतात. कारचा क्लच ऑइलच्या बाहेर, कोरडा असतो. त्यामुळं त्या परीक्षेत मोटारसायकलच्या क्लचबद्दल एकही प्रश्न नसतो.

डब्याच्या मागं एक गोल चिन्ह असतं, मेदूवड्यासारखं. आपण त्याला वड्याचं चिन्हच म्हणू. वरच्या कमानीत एपीआयचं अक्षर, मध्ये SAE चा ग्रेड, आणि खालच्या कमानीत एकतर काहीच नाही, नाहीतर दोन शब्द: रिसोर्स कन्झर्व्हिंग. जुन्या डब्यांवर एनर्जी कन्झर्व्हिंग असायचं. हे दोन शब्द कारवाल्यासाठी चांगले, मोटारसायकलवाल्यासाठी धोक्याचे. त्यांचा अर्थ असा की घर्षण कमी करून पेट्रोल वाचवण्याची परीक्षाही हे ऑइल पास झालंय, आणि त्यासाठी बहुतेक वेळा घर्षण घटवणारी रसायनं घातलेली असतात. अनेक मोटारसायकलींच्या मॅन्युअलमध्ये स्पष्ट लिहिलेलं असतं की खालच्या कमानीत हे शब्द असलेलं ऑइल घालू नका. भाच्याच्या पुस्तकातही होतं, देखभालीच्या त्या अर्ध्या पानात.

आणखी एक. हे गोल चिन्ह असणं म्हणजे एपीआयचा परवाना आहे. नुसतं "मीट्स API SL" असं छापलेलं असेल तर तो कंपनीनं स्वतः केलेला दावा. नावाजलेल्या कंपनीचा दावा बहुतेक वेळा खराच असतो, मी अशी ऑइलं विकतो. पण "सुटेबल फॉर ऑल बाइक्स" एवढंच लिहिलेलं आणि अक्षरं कुठंच नाहीत, अशी बाटली मी काउंटरवर ठेवत नाही. जुळवायला हातात काही नसेल तर जुळवणार कसं?

तिसरी ओळ: `JASO MA`

मोटारसायकलवाल्यानं सगळ्यांत जास्त वेळ इथं द्यावा, आणि नेमकी हीच ओळ सगळ्यांत बारीक अक्षरात असते.

जासो ही जपानी वाहनांची मानकं ठरवणारी संस्था. मोटारसायकलच्या इंजिनात एकच ऑइल तीन ठिकाणी काम करतं: इंजिनात, गिअरबॉक्समध्ये आणि क्लचमध्ये. क्लचच्या घुमटीत एकाआड एक प्लेटा असतात. एक खरखरीत थराची, एक सपाट पोलादाची, परत थराची, परत पोलादाची. स्प्रिंगा त्यांना एकमेकींवर दाबून धरतात. इंजिनाची सगळी ताकद चाकाकडं जाते ती या दाबलेल्या प्लेटांच्या पकडीतून, आणि त्या बुडालेल्या असतात ऑइलमध्ये. म्हणजे इथं ऑइलकडून दोन उलट कामं हवी आहेत. पिस्टनला घसरू द्यायचं, आणि प्लेटांना घसरू द्यायचं नाही.

म्हणून १९९८ साली जासोनं मोटारसायकलच्या ऑइलसाठी वेगळं मानक आणलं. प्लेटांमधलं घर्षण ठरावीक मर्यादेच्या वर राहिलं तर MA. त्याखाली गेलं तर MB. २००६ मध्ये MA चे दोन भाग पडले: खालच्या भागाला MA1, वरच्या भागाला MA2, म्हणजे पकड जास्त. मॅन्युअलमध्ये नुसतं MA असेल तर MA, MA1, MA2 यांपैकी काहीही चालतं. मॅन्युअलमध्ये MA2 असेल तर फक्त MA2 घ्यायचं.

MB वाईट ऑइल नाही. ते बिनगिअरच्या स्कूटरसाठी आहे. स्कूटरचा क्लच बेल्टच्या बाजूच्या कव्हरात, कोरडा असतो, इंजिन ऑइलचा आणि त्याचा संबंध येत नाही. त्यामुळं तिथं घर्षण जेवढं कमी तेवढं मायलेज चांगलं. गोंधळ होतो तो बाटल्यांमुळं. एकाच कंपनीच्या, एकाच रंगाच्या, एकाच 10W-30 च्या दोन बाटल्या शेजारी असतात. एकीवर 4T, दुसरीवर 4-AT किंवा स्कूटरचं चित्र. 4T म्हणजे फोर स्ट्रोक, एवढंच. त्यावर विसंबू नका. बाटली फिरवा, मागं एक चौकट शोधा. तिच्यात वर नोंदणीचा क्रमांक आणि खाली MA, MA2 नाहीतर MB असतं. चौकट नसेल तर मजकुरात तरी JASO ही चार अक्षरं सापडली पाहिजेत. ती नसतील आणि तुमची गाडी क्लचची असेल, तर बाटली परत फळीवर.

चार बाटल्या, एक चिठ्ठी

भाच्याला मी काउंटरच्या आत घेतलं, कारचा डबा आणि फळीवरच्या तीन बाटल्या समोर मांडल्या आणि म्हटलं, "लाव आता चिठ्ठीला."

```
1)  5W-30    API SP   Resource Conserving
2)  10W-30   API SL   JASO MB
3)  20W-50   API SL   JASO MA2
4)  10W-30   API SN   JASO MA2
```

पहिला कारचा डबा. ग्रेडमधला ३० जुळतो, ५W थंडीत आणखी पातळ, SP वरचं. पण JASO ची ओळ नाही आणि खालच्या कमानीत ते दोन शब्द. बाद. दुसरीवर बोट ठेवून तो म्हणाला, "ही तर सेम आहे." दोन ओळी सेम होत्या, तिसरी नव्हती. बाद, ती त्याच्या आईच्या स्कूटरला घेता आली असती. तिसरीवर तो अडला. क्लचला चालणारी, एपीआय चालणारी, ग्रेड मात्र दोन पट्टे वरची. त्याच्या पुस्तकात तापमानाच्या पट्ट्या नव्हत्या, एकच ग्रेड होती. बाद. चौथीवर तो थबकला, कारण पुस्तकात SL आणि MA, बाटलीवर SN आणि MA2. मग स्वतःच म्हणाला, "दोन्ही वरचीच आहेत की." बरोबर. SN हे SL च्या पुढचं, MA2 हा MA चाच भाग. चौथी घेतली.

चौघींत सगळ्यांत महाग पहिली होती, हेही त्यानं बघितलं. सिंथेटिक हा शब्द ऑइल कशापासून बनवलंय ते सांगतो. तो या तीन प्रश्नांपैकी एकाचंही उत्तर देत नाही. MA2 असलेलं सिंथेटिक जरूर घ्या, लवकर जळत नाही. पण सिंथेटिक आहे म्हणून MA2 आहे असं होत नाही.

चुकीचं पडलंच असेल तर

कारचं ऑइल घातलं की प्रत्येक गाडीचा क्लच लगेच घसरतोच असं नाही. नव्या प्लेटा, कडक स्प्रिंगा आणि लहान इंजिन असेल तर महिनोन् महिने काही कळतही नाही. भाच्याच्या प्लेटा चार वर्षं चाललेल्या, वर डबल सीट आणि जोतिबाचा चढ. ताकद सगळ्यांत जास्त लागते तिथं पकड सुटली.

ओळखायचं असं. मोकळ्या सपाट रस्त्यावर वरच्या गिअरमध्ये साधारण चाळीसच्या वेगानं जा आणि ॲक्सिलरेटर एकदम पिळा. इंजिनाचा आवाज चढला आणि त्या मानानं वेग वाढला नाही, तर क्लच स्लिप होतोय. पण सगळा दोष लगेच ऑइलवर टाकू नका. आधी क्लचच्या दांड्याची ढील बघा. दांड्याच्या टोकाला किती मिलिमीटर ढील हवी ते मॅन्युअलमध्ये असतं, बऱ्याच गाड्यांना १० ते २०. भाच्यानं "टाईट" करून ती शून्यावर आणली होती. ढील नसली की केबल कायम थोडी ओढलेली राहते, प्लेटा पूर्ण दाबल्या जात नाहीत, आणि स्लिप वाढते. औषध म्हणून केलेल्या कामानं दुखणं वाढलं होतं. ढील आधी पुस्तकाप्रमाणं केली. तरी स्लिप राहिली, तेव्हा ऑइलच.

आता चौथी ओळ कामाला आली. ड्रेन करून बदलताना १.० लिटर, इंजिन पूर्ण खोललं तर १.२ लिटर. या दोन आकड्यांतला फरक म्हणजे ड्रेन बोल्ट काढल्यावरही ०.२ लिटर ऑइल आत, कोपऱ्यांत आणि प्लेटांवर, राहतं. बाराशे मिलीतले दोनशे, सहावा हिस्सा. म्हणजे एकदा बदलून गाडीत साडेसोळा-सतरा टक्के कारचंच ऑइल उरणार, आणि प्लेटांच्या थरात मुरलेलं वेगळं. म्हणून मी त्याला एकाऐवजी दोन बाटल्या दिल्या. पहिली घालून दोन-तीनशे किलोमीटर, घाट टाळून, सावकाश चालवायची. मग काढून दुसरी घालायची. सहाव्या हिश्शाचा सहावा हिस्सा, म्हणजे तीन टक्क्यांच्या आत कारचं ऑइल राहतं. दुसरी बाटली वाया गेली असं वाटतं, पण प्लेटांचा सेट आणि खोलायची मजुरी त्याहून कितीतरी जास्त.

एवढं करून स्लिप थांबली नाही तर प्लेटा खोलून बघायच्या. थर काळा पडून काचेसारखा गुळगुळीत झालेला असेल, जळका वास येत असेल, पोलादी प्लेटांवर निळसर डाग असतील, तर त्या परत पकड धरत नाहीत. तिथं सेट बदलायचा.

भरताना बाटली संपवायची सवय मात्र सोडा. मॅन्युअलमधला आकडा ८०० मिली आणि बाटली ९०० ची, असं होतं. जास्तीचे शंभर मिली आत ओतू नका. माप भरून, इंजिन मिनिट-दोन मिनिटं चालवून, बंद करून थोडं थांबा आणि गाडी मधल्या स्टँडवर सरळ उभी करून डीपस्टिक बघा. काही गाड्यांत डीपस्टिक आटे न फिरवता नुसती टेकवून बघायची असते, काहींत पूर्ण पिळून. तेही त्याच अर्ध्या पानात असतं.

कारला तिसरी ओळ वेगळी

पद्धत तीच, पण कारच्या मॅन्युअलमध्ये तिसऱ्या ओळीत JASO MA नसतं. पेट्रोल कारला बहुतेक वेळा ILSAC GF-6A सारखं काही असतं, आणि तिथं रिसोर्स कन्झर्व्हिंग हवंच असतं. बीएस-६ डिझेल कारला मात्र जपून. तिच्या धुराड्यात काजळी अडवणारी जाळी असते, डीपीएफ. अडकलेली काजळी गाडी अधूनमधून जाळून टाकते. पण ऑइलमधल्या काही रसायनांची राख होते आणि राख परत जळत नाही. ती जाळीत साचत जाते. म्हणून अशा मॅन्युअलमध्ये अनेकदा ACEA या युरोपातल्या वाहन कंपन्यांच्या संघटनेचं मानक, C2 किंवा C3, लिहिलेलं असतं. दोन्ही कमी राखेची, C3 तापलेल्या इंजिनात जाड थर धरणारं. दोन डब्यांवर 5W-30 असेल, एकावर C3 आणि दुसऱ्यावर A3/B4, तर घट्टपणा तोच, पण दुसऱ्यात राख जास्त. इथं "वरचं अक्षर चालतं" हा नियम लावू नका. C2 आणि C3 मध्ये कोणी वर नाही आणि कोणी खाली नाही. पुस्तकात जे असेल तेच घ्या.

भाचा दुसरी बाटली घालून पंधरा दिवसांनी परत आला, मित्राला मागं बसवून, जोतिबालाच जाऊन. क्लच धरत होता, प्लेटा वाचल्या. कारच्या डब्यात अर्धा लिटर अजून शिल्लक होतं. ते फेकायचं कारण नाही, त्याच्या वडिलांच्या कारच्या मॅन्युअलशी त्या डब्याच्या तिन्ही ओळी जुळतात. झाकणावर मार्करनं मोठ्या अक्षरात "फक्त कार" लिहून तो डबा त्यानं वरच्या फळीवर ठेवलाय.